रोज 19 तास चालणारा गिझर

विजेचे बिल फुगून आले की मराठी घरात चौकशी सुरू होते ती वीज कंपनीची नव्हे, घरच्यांची. रात्री पंखा कोण बंद करत नाही, मोबाईल काढून घेतल्यावर चार्जरचे बटण कोण तसेच ठेवते, इस्त्री लावून फोनवर कोण बोलत बसते, या जुन्या प्रकरणांच्या फायली पुन्हा उघडल्या जातात. 1 हजार 200 रुपयांच्या जागी 20 हजार 300 रुपये आले आहेत आणि एवढी रक्कम चार्जरच्या बटणातून गळत नाही, हे कुणाच्या ध्यानात येईपर्यंत एका निरपराध माणसाला शिक्षा झालेली असते. मग घरात दोन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, ‘भरून टाका, उगाच लाइट तोडतील.’ दुसरा म्हणतो, ‘एक छदाम भरायचा नाही, बघू कोण तोडतो ते.’ पहिल्या पक्षाचे पैसे जातात आणि दुसऱ्याचा उजेड. या दोघांच्या मधून जाणारी एक वाट कायद्याने 2003 सालीच आखून ठेवली आहे. ती अरुंद आहे, पण भक्कम आहे. तिच्यावरून चालायला धैर्य लागत नाही. एक कागद, एक शिक्का आणि भागाकार येणारा माणूस लागतो.

आधी भागाकार. एक घर धरू: दोन खोल्या, तीन पंखे, एक फ्रिज, एक टीव्ही आणि 2 हजार वॅटचा एक गिझर. महिन्याचा वापर 100 ते 140 युनिट. बिलावर मागील रीडिंग 4382 आहे आणि चालू रीडिंग 5522, म्हणजे महिन्याभरात 1140 युनिट. एक युनिट म्हणजे 1 हजार वॅटचे उपकरण तासभर चालणे. त्या हिशेबाने 2 हजार वॅटचा गिझर तासाला दोन युनिट खातो. 1140 युनिट संपवायचे तर तो महिन्यात 570 तास, म्हणजे रोज 19 तास चालायला हवा. या कुटुंबाने दिवसाचे 19 तास आंघोळ केली आणि उरलेल्या पाच तासांत अंग पुसले, असे वीज कंपनीचे अधिकृत म्हणणे आहे. आंघोळ नको असेल तर पंखे घ्या. 75 वॅटचे 21 पंखे महिनाभर क्षणाचीही विश्रांती न घेता फिरले, तर आकडा जवळपास जुळतो. दोन खोल्यांत 21 पंखे फिरू लागले तर घरच उडेल, बिल कशाला हवे? हा हिशेब करमणुकीचा वाटेल, पण तक्रारीतला पहिला पुरावा हाच असतो. ‘बिल जास्त आले आहे’ हे मत झाले आणि मत टेबलावरून खाली सारता येते. ‘हे बिल खरे असेल तर माझा गिझर रोज 19 तास चालला’ हे गणित आहे, आणि गणित खाली सारायला समोरच्यालाही गणित करावे लागते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘मीटर खोटे बोलत नाही.’ तो बव्हंशी खराही आहे. घरगुती इलेक्ट्रॉनिक मीटर साधारण एक टक्का इकडेतिकडे एवढ्या अचूकतेचे असावे लागते. मीटर खोटे बोलत नसेल, पण मीटर आणि बिल यांच्यामध्ये एक माणूस, एक मोबाईल, एक धुळकट काच आणि जिन्याखालचा काळोख असतो. वरच्या उदाहरणात मीटरवर प्रत्यक्ष आकडा होता 4522. फोटो हलला, चाराचा पाच झाला आणि 140 युनिटचे 1140 झाले. एकच अंक चुकला, पण हजाराच्या घरातला. शेजाऱ्याचे मीटर आपल्या नावावर वाचले जाणे, दशांश चिन्हानंतरचा अंक पूर्णांकात धरला जाणे, ही याच घराण्यातली भावंडे. त्यामुळे बिल हातात आले की कपाळाला हात लावण्याआधी मीटरला लावावा. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवरचा क्रमांक जुळतो का ते पाहावे आणि आजचे रीडिंग तारखेसह मोबाईलमध्ये टिपावे. बिल 5522 म्हणते आणि त्यानंतर आठवड्याने मीटर 4555 दाखवते, असे दिसले तर खटला तिथेच अर्धा जिंकला. मीटर पुढे जाते किंवा थांबते. मागे जाऊन तरुण होणे त्याला साधत नाही.

रीडिंग बरोबर निघाले तर मात्र जरा थांबावे, कारण प्रत्येक मोठे बिल खोटे नसते. 2020 च्या टाळेबंदीत महाराष्ट्रात मीटर वाचणे बंद होते. त्या काळात सरासरीची बिले गेली, तीही थंडीतल्या महिन्यांच्या वापरावर बेतलेली. पुढे जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग झाले तेव्हा उन्हाळाभर घरात बसून फिरवलेले पंखे एकदम बिलात उतरले आणि राज्यभर ओरड झाली. ते युनिट बहुतेकांनी खरोखरच वापरले होते. अशा साचलेल्या बिलात पाहायचे ते वेगळेच. आपल्याकडे घरगुती विजेचा दर पायऱ्यांनी चढतो: पहिले 100 युनिट स्वस्त, पुढे 300 पर्यंत महाग, 500 पर्यंत आणखी महाग आणि त्यापुढे जीव घेणारा. तीन महिन्यांचे 420 युनिट एकाच महिन्याचे धरले, तर ते तिसऱ्या पायरीवर चढतात. महिन्याला 140 असे वाटून दिले, तर दर महिन्याचे पहिले 100 स्वस्तात बसतात. युनिट तेच, ग्राहक तोच, पण रकमेत मोठा फरक. म्हणून साचलेल्या बिलावर ‘युनिट खोटे आहेत’ असे भांडू नये. ‘युनिट महिन्यांत वाटून दिलेत का?’ हे विचारावे. चुकीच्या मुद्द्यावर भांडणारा ग्राहक बरोबर असूनही हरतो.

तिसरी शक्यता उरते ती मीटरच बिघडल्याची. तिची प्राथमिक तपासणी घरात होते. मीटरनंतरचा आपला मेन स्विच बंद करून मीटरवरचा लाल दिवा पाहावा. घर अंधारात असूनही तो लुकलुकत राहिला, तर आपल्या मीटरवर दुसऱ्या कुणाचा संसार चालू असेल, वायर कुठेतरी गळत असेल किंवा मीटर आजारी असेल. दुसरी चाचणी वेगाची. मीटरच्या पाटीवर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो हे छापलेले असते, समजा 3200. मग बाकी सगळे बंद ठेवून फक्त 1 हजार वॅटची इस्त्री लावली, तर मिनिटाला साधारण 53 लुकलुकी व्हायला हव्यात. इस्त्री तापली की आपोआप बंद होते, म्हणून मोजणी सुरुवातीच्या मिनिटातच उरकावी. 53 च्या जागी 50 किंवा 56 आल्या तर मीटरशी वैर धरू नये. शंभर आल्या, तर मात्र कागद काढावा.

आता तो कागद. वाढीव बिल घेऊन खिडकीशी गेलेल्या माणसाला जे वाक्य ऐकायला मिळते ते कोणत्याही गावच्या खिडकीत सारखेच असते: ‘आधी भरा, मग बघू. पुढच्या बिलात ऍडजस्ट होईल.’ यातला ‘बघू’ हा मराठीतला सर्वांत दीर्घ काळ आहे. व्याकरणाने त्याची नोंद घेतलेली नसली, तरी विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 ने त्याला उत्तर दिले आहे. थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हा त्या कलमाचा पहिला भाग. तो बऱ्याच जणांना माहीत असतो. खरी गंमत पुढच्या परंतुकात आहे. वाद मिटेपर्यंत ग्राहकाने हरकत राखून दोनपैकी एक रक्कम जमा केली, तर वीज तोडता येत नाही. एक, मागितलेली पूर्ण रक्कम. दोन, मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या वीज आकाराची सरासरी, दर महिन्याला एक याप्रमाणे. आणि यांपैकी जी कमी असेल ती. ‘जी कमी असेल ती’ हे शब्द कायद्यात ग्राहकाच्या बाजूने इतक्या उघडपणे क्वचितच बसलेले सापडतात.

आपल्या घराला हे लावून पाहू. मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या रकमा 980, 1040, 1110, 1290, 1420 आणि 1360 आहेत. बेरीज 7200, सरासरी 1200. एकीकडे 20 हजार 300, दुसरीकडे 1200. कमी कोणती, हे ठरवायला मंच लागत नाही. 1200 रुपये भरायचे आणि सोबतच्या पत्रात लिहायचे की ही रक्कम कलम 56 च्या परंतुकानुसार, हरकत राखून, म्हणजे अंडर प्रोटेस्ट, जमा करत आहे. हे शब्द विसरू नयेत. त्यांच्याशिवाय भरलेले 1200 रुपये कंपनीच्या हिशेबात निव्वळ अर्धवट भरणा ठरतात आणि उरलेले 19 हजार 100 ही आपण मुकाट्याने मान्य केलेली थकबाकी दिसते. पत्रात ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, वादातले बिल, आजचे प्रत्यक्ष रीडिंग, सहा महिन्यांची सरासरी आणि गिझरचे 19 तास एवढे आले की पुरे. ‘आपल्या गलथान कारभाराचा’ वगैरे अलंकार घरी ठेवावेत. त्यांनी वाचणाऱ्याचा रक्तदाब वाढतो, रीडिंग कमी होत नाही. आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. खिडकीत तोंडी केलेली तक्रार म्हणजे हवापाण्याच्या गप्पा. कलमात ‘वाद मिटेपर्यंत’ असे शब्द आहेत, आणि मिटण्याआधी वाद नोंदलेला असावा लागतो.

इथे व्यवहारी माणूस अडवतो: ‘कायदा ठीक आहे हो, पण खिडकीतला कॉम्प्युटर कमी रक्कम घेतच नाही.’ आक्षेप खरा आहे. कॉम्प्युटरने कलम 56 वाचलेले नसते आणि खिडकीतल्या माणसाला रक्कम बदलण्याचा अधिकार नसतो. तेव्हा त्याच्याशी भांडून रांगेतल्या पन्नास जणांचे शिव्याशाप घेऊ नयेत. पत्र उपविभागीय कार्यालयात द्यावे आणि तेवढी रक्कम स्वीकारण्याची परवानगी मागावी. तिथेही नकार आला, तर तेच पत्र धनादेशासह नोंदणीकृत टपालाने पाठवावे. रक्कम द्यायला आपण तयार होतो आणि घेणाऱ्याने घेतली नाही, हे मग टपालाची पावतीच सांगते. पैसे घ्या म्हणून मागे लागलेल्या ग्राहकाची वीज पैसे भरले नाहीत म्हणून तोडणे, याचे समर्थन कोणत्याही मंचापुढे करणे जड जाते.

दुसरा आक्षेप कंपनीच्या बाजूचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उद्या प्रत्येकाने बिल वादात टाकून सरासरीच भरली, तर वितरणाचा गाडा चालायचा कसा? पण ही सवलत बारकाईने पाहिली तर ती फुकट्यांच्या फारशी उपयोगाची नाही. सरासरी काढली जाते ती ग्राहकाने स्वतःच भरलेल्या बिलांवरून, म्हणजे त्याच्या नेहमीच्या वापराचे पैसे कंपनीला मिळतच राहतात. थांबतो तो फक्त वादातला फुगवटा, आणि तोही निकालापर्यंत. ग्राहक हरला तर राहिलेली रक्कम विलंबाच्या आकारासह भरावी लागते. ज्याला वाद हरण्याची खात्री आहे, त्याला हा सौदा आतबट्ट्याचा आहे. उलट ‘आधी भरा’ हा नियम असता, तर कंपनीला चूक सुधारण्याची घाई कशाला वाटली असती? 20 हजार खिशात पडल्यावर 4 चा 5 कसा झाला, हे शोधायला भिंग कोण आणतो? रक्कम अडकून राहिली तरच चूक शोधण्याची गरज दोन्ही बाजूंना सारखी वाटते, आणि हे परंतुक नेमके तेवढेच घडवून आणते.

तिसरा आक्षेप ‘एक छदाम भरायचा नाही’ वाल्या स्वाभिमानी पक्षाचा: चूक त्यांची, मग मी 1200 तरी का भरू? कारण सोपे आहे. चूक वाढीव आकड्यात आहे, सगळ्या विजेत नाही. फ्रिज त्या महिन्यातही चालूच होता. काहीच न भरणारा माणूस आपल्या बरोबर असण्याचा पुरावा स्वतःच्या हाताने पुसतो, कारण आता तो ‘वाद करणारा’ राहत नाही, ‘न भरणारा’ होतो, आणि कलम 56 चा पहिला भाग नेमका त्याच्यासाठी लिहिलेला आहे. पुढची निर्विवाद बिलेही रागाच्या भरात थकवली, तर त्यांच्यासाठी वेगळी नोटीस येऊ शकते आणि मूळ वाद जिंकूनही घरात मेणबत्ती लागते. राग हा महागडा वकील आहे. फी आधी घेतो आणि तारखेला येत नाही.

नोटिशीचे दिवस मोजण्यातही बारकावा आहे. कलमात निव्वळ पंधरा दिवस नव्हे, पूर्ण पंधरा दिवस म्हटले आहे. नोटीस मिळाल्याचा दिवस आणि तोडणीचा दिवस, दोन्ही त्यात धरायचे नाहीत. 3 तारखेला नोटीस मिळाली, तर 4 ते 18 हे ग्राहकाचे दिवस. तोडणी 19 च्या आधी नाही. 1910 च्या जुन्या कायद्यात ही मुदत सात दिवसांची होती. म्हणजे ग्राहकाला आठ दिवस जास्त मिळायला त्र्याण्णव वर्षे लागली, तेव्हा ते आठ दिवस ‘बघू’ म्हणण्यात घालवू नयेत. पूर्वी वीज तोडायला शिडी घेऊन माणूस यायचा. शिडी दिसली की आख्खी चाळ जमायची आणि पाच मिनिटे तरी मिळायची. स्मार्ट मीटरची वीज कार्यालयात बसून बंद करता येते. शिडी गेली तरी नोटिशीचे बंधन गेलेले नाही. नोटीस कागदावर येवो की मोबाईलवर, ती लग्नाच्या शुभेच्छांसोबत पुसून टाकू नये आणि तिची तारीख जपावी.

एवढे झाले की वीज टिकते, पण बिल अजून तसेच असते. ते दुरुस्त करण्यासाठी ग्राहक हक्क नियमांत 2024 साली एक चांगली भर पडली. रीडिंग आपल्या वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली, तर कंपनीने पाच दिवसांत दुसरे मीटर जोडून निदान तीन महिने वापर पडताळून पाहायचा आहे. दोन मीटर शेजारी शेजारी बसली की कोण खरे, हे तीन महिन्यांत सगळ्यांना दिसते. सासू आणि सून यांच्यात ही सोय अजून निघालेली नाही. मीटर खरेच सदोष निघाले, तर महाराष्ट्राच्या वीजपुरवठा संहितेप्रमाणे चाचणीच्या निकालावरून बिलात फेरफार होतो आणि तो वाद निघाल्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरता असतो. ही मर्यादा दोन्ही बाजूंना लागते. मीटर मंद चालत होते म्हणून कंपनीला तीन वर्षांची वसुली काढता येत नाही, तसेच ग्राहकालाही तीन वर्षे मागे जाता येत नाही. म्हणून संशय आला त्याच महिन्यात लिहावे. उशिरा लिहिणाऱ्याचे मागचे महिने हातचे जातात.

कार्यालय हललेच नाही, तर पुढचे दार ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाचे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जाता येते, स्वतः उभे राहता येते आणि तोडणीची टांगती तलवार असेल तर अंतरिम आदेशही मागता येतो. ‘मंच कंपनीनेच नेमलेला, तो काय न्याय देणार?’ हा संशय रास्त आहे. मंच कंपनी स्थापन करते, पण राज्य विद्युत नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे. आणि त्याच्या वरचा विद्युत लोकपाल खुद्द आयोग नेमतो. मंचाचा निकाल पटला नाही, तर साठ दिवसांत लोकपालाकडे जाता येते. मात्र एका गोष्टीची खबरदारी हवी. बिलावर किंवा नोटिशीवर कलम 126 म्हणजे अनधिकृत वापर, किंवा कलम 135 म्हणजे वीजचोरी असे लिहिले असेल, तर हे दार बंद असते. तिथले रस्ते वेगळे, मुदती वेगळ्या, आणि चोरीच्या आरोपात वीज तत्काळ तोडता येते. तेव्हा आकडा वाचून घाबरण्याआधी त्याच्या शेजारचे कलम वाचावे. आकडा चुकीचा असू शकतो, पण लढायचे कुठे हे कलमच सांगते.

या सगळ्यात ग्राहकाने करायचे ते तसे थोडेच. मीटर पाहणे, भागाकार करणे, 1200 रुपये ‘हरकत राखून’ या दोन शब्दांसह भरणे आणि शिक्का घेणे. कंपनीने करायचे तेही थोडेच: 5 पुसून तिथे 4 लिहिणे. या दोन छोट्या कामांमध्ये तीन महिने जातात, हे खरे. पण त्या तीन महिन्यांत घरातले दिवे चालू असतात, 19 हजार 100 रुपये बँकेत असतात आणि गिझर नेहमीप्रमाणे सकाळी वीस मिनिटे चालतो. चार्जरच्या बटणाचे जुने प्रकरण मात्र निकाली निघत नाही. त्याला कोणतेही कलम लागू नाही.